पाडवा कुठल्या आर्थिक वर्षात पडला?

दुकानाची वर्षभराची बिलं एक्सेलमध्ये आहेत. मालकाला एवढंच विचारायचं आहे की, मागच्या वर्षीच्या पहिल्या तिमाहीपेक्षा यंदाची पहिली तिमाही कशी गेली. तारखांच्या कॉलमवरून पिव्हट टेबल केलं, त्यात तिमाहीनुसार गट पाडले, की समोर Qtr1, Qtr2, Qtr3, Qtr4 असे चार आकडे येतात. दिसायला सगळं बरोबर असतं. पण एक्सेलची Qtr1 म्हणजे जानेवारी ते मार्च. आपली पहिली तिमाही म्हणजे एप्रिल ते जून. म्हणजे मालकाने जो आकडा पहिल्या तिमाहीचा म्हणून वाचला, तो खरं तर मार्च एंडचा होता. एवढंच नाही, तर त्या टेबलात २०२४ म्हणून जे वर्ष दिसतं, त्याचे पहिले तीन महिने २०२३-२४ या आर्थिक वर्षातले आणि उरलेले नऊ २०२४-२५ मधले असतात. सीएने काढलेल्या ताळेबंदाशी असा आकडा कधीच जुळत नाही, आणि मग चूक बिलांत शोधली जाते.

सॉफ्टवेअरचा यात दोष नाही. त्याला इंग्रजी कॅलेंडर माहीत आहे. आपलं १ एप्रिल ते ३१ मार्च हे आर्थिक वर्ष १८६७ पासून चालत आलं आहे. त्याआधी सरकारी वर्ष १ मेला सुरू होत असे. ते जानेवारीपासून सुरू करावं अशी शिफारस १९८० च्या दशकात एल. के. झा समितीने केली होती, पण ती स्वीकारली गेली नाही. त्यामुळे एप्रिल ही सुरुवात आपणच संगणकाला सांगायची असते. ती सांगण्याची सगळ्यात भरवशाची पद्धत म्हणजे तारखांचं एक वेगळं टेबल.

हे टेबल म्हणजे एका शीटवर एकाखाली एक सगळ्या तारखा. एकही सुटलेली नाही, एकही दोनदा आलेली नाही. दुकान बंद असलेले दिवससुद्धा त्यात हवेत, कारण विक्री शून्य होती हीदेखील माहितीच आहे. १ एप्रिल २०२२ पासून ३१ मार्च २०२६ पर्यंत चार आर्थिक वर्षं घेतली तर १,४६१ ओळी होतात. ३६५ गुणिले चार म्हणजे १,४६०, आणि वरचा एक दिवस २९ फेब्रुवारी २०२४. शीटला Dates असं नाव द्यायचं, पहिल्या ओळीत मथळे, A2 मध्ये पहिली तारीख, आणि तिथून खाली ओढत नेायचं. मग शेजारच्या पाच कॉलमांत हे फॉर्म्युले:

```
B2: =YEAR(A2)-(MONTH(A2)<4)
C2: =B2&"-"&RIGHT(B2+1,2)
D2: =MOD(MONTH(A2)+8,12)+1
E2: ="Q"&ROUNDUP(D2/3,0)
F2: =D2*100+DAY(A2)
```

सगळं काम पहिल्या ओळीत आहे. महिना चारच्या आत असेल, म्हणजे जानेवारी, फेब्रुवारी किंवा मार्च, तर कंसातली अट खरी ठरते. वजाबाकीत एक्सेल ‘खरं’ला १ आणि ‘खोटं’ला ० धरतं. म्हणून १५ फेब्रुवारी २०२५ साठी उत्तर २०२४ येतं आणि १५ एप्रिल २०२५ साठी २०२५. हे आर्थिक वर्षाचं सुरुवातीचं साल. C कॉलम त्यालाच आपल्या ओळखीच्या रूपात लिहितो: 2024-25. D मध्ये आर्थिक वर्षातला महिन्याचा क्रमांक मिळतो. एप्रिल १, डिसेंबर ९, जानेवारी १०, मार्च १२. आठ मिळवून बाराने भागायचं आणि बाकीत एक मिळवायचा, एवढंच त्यात आहे. एप्रिलचे चार अधिक आठ बारा, बाकी शून्य, अधिक एक म्हणजे एक. त्या क्रमांकाला तीनने भागून वरच्या पूर्णांकाला नेलं की E मध्ये तिमाही आली. F चा उपयोग पुढे सांगतो.

साल दोनदा कशाला, एकदा २०२४ आणि एकदा 2024-25, असं कुणालाही वाटेल. आकडेमोडीला B वापरावा आणि C फक्त दाखवण्यापुरता ठेवावा, असा माझा आग्रह आहे. जुन्या वह्यांमधलं वर्ष हाताने 2009-10 असं टाइप करून पाहा. एक्सेल त्याचा ऑक्टोबर २००९ करून टाकतं, कारण १० हा महिना असू शकतो. 2024-25 ला हा धोका नाही, पंचविसावा महिना नसतो. पण दहा-पंधरा वर्षांचा हिशेब एकत्र करणाऱ्याच्या फाइलमध्ये दोन्ही प्रकारची वर्षं येतात आणि निम्मी गायब होतात. दुसरी गोष्ट नावाची. शेअर बाजारातल्या कंपन्या निकाल सांगताना Q4 FY25 लिहितात, तेव्हा ती मार्च २०२५ ला संपलेली तिमाही असते. वर्षाला नाव शेवटच्या सालाचं दिलेलं असतं. आपल्या टेबलात त्याच वर्षाचा क्रमांक २०२४ आहे. आणि त्याच वर्षाच्या प्राप्तिकर विवरणपत्रावर आकारणी वर्ष २०२५-२६ छापलेलं होतं. एका फाइलमध्ये एकच रीत ठेवावी आणि ती मथळ्यातच लिहावी.

आता बिलांच्या शीटकडे. त्या शीटचं नाव Sales आणि बिलाची तारीख A कॉलममध्ये आहे असं धरू. प्रत्येक बिलासमोर आर्थिक वर्ष आणि तिमाही तारखांच्या टेबलातून आणायची:

```
D2: =VLOOKUP(INT(A2),Dates!A:F,2,FALSE)
E2: =VLOOKUP(INT(A2),Dates!A:F,5,FALSE)
```

यातला INT सोडून चालणार नाही. बिलिंग सॉफ्टवेअरमधून काढलेल्या फाइलमध्ये तारखेला बहुतेक वेळा वेळ चिकटलेली असते. एक्सेलच्या लेखी ३१ मार्च २०२५ हा ४५,७४७ हा आकडा आहे, आणि त्याच दिवशी संध्याकाळी सहाला केलेलं बिल ४५,७४७.७५. तारखांच्या टेबलात नुसता ४५,७४७ आहे, म्हणून ते बिल सापडतच नाही. त्याहून वाईट प्रकार टेबल न वापरता ‘३१ मार्चपर्यंतची बिलं’ अशी गाळणी लावल्यावर होतो. ३१ मार्च म्हणजे एक्सेलच्या दृष्टीने त्या दिवसाची पहाट होण्याआधीचे रात्रीचे बारा. त्यामुळे मार्च एंडच्या दिवसभराची सगळी विक्री बाहेर राहते, आणि कुठेही चुकीची खूण दिसत नाही. INT दशांश कापून टाकतो आणि फक्त दिवस उरतो.

दुसरी अडचण तारखेच्या मांडणीची. बिलांच्या फाइलमध्ये दिवस आधी आणि महिना नंतर असतो. ज्या संगणकाची सेटिंग अमेरिकी आहे तो महिना आधी वाचतो. 04/03/2024 हे बिल आपलं ४ मार्चचं, म्हणजे २०२३-२४ च्या चौथ्या तिमाहीतलं. तो संगणक त्याला ३ एप्रिल समजतो आणि बिल पुढच्या आर्थिक वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जाऊन बसतं. 25/03/2024 मात्र त्याला वाचताच येत नाही, म्हणून तो ती तारीख नुसता मजकूर म्हणून ठेवतो. ओळखायची खूण हीच. एकाच कॉलममधल्या काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या, तर उजवीकडच्यासुद्धा संशयास्पद समजाव्या. शेजारी =ISNUMBER(A2) लावलं की मजकूर झालेल्या तारखांपुढे FALSE येतं. अशा वेळी फक्त FALSE आलेल्या दुरुस्त करू नयेत. पूर्ण फाइल दिवस-महिना-साल हा क्रम सांगून पुन्हा आत घ्यावी.

हे झालं की तुलना सोपी आहे. ज्या वर्षाची आणि तिमाहीची बिलं मोजायची ते सांगायचं. मागच्या वर्षासाठी सालातून एक वजा.

```
=COUNTIFS(Sales!D:D,2024,Sales!E:E,"Q1")
=COUNTIFS(Sales!D:D,2023,Sales!E:E,"Q1")
```

रक्कम हवी असेल तर COUNTIFS ऐवजी SUMIFS. पिव्हट टेबल करायचं तर आता त्याच्या स्वतःच्या गटांना हात लावायचा नाही, आपले D आणि E कॉलमच ओढायचे. सगळ्या वर्षांची आणि तिमाह्यांची बेरीज मूळ बिलांच्या एकूण संख्येएवढी येते का, हे एकदा जरूर पाहावं. कमी आली तर एखाद्या बिलाची तारीख टेबलाबाहेर पडली आहे.

अजून न संपलेल्या वर्षाचं काय? २० मेला बसून यंदाची पहिली तिमाही मागच्या वर्षीच्या पूर्ण पहिल्या तिमाहीशी ताडून पाहिली, तर धंदा निम्म्यावर आल्यासारखा दिसणारच. इथे F कॉलम कामाला येतो. त्यात आर्थिक महिन्याचा क्रमांक आणि दिवस एकत्र आहेत. १ एप्रिल म्हणजे १०१, २० मे म्हणजे २२०, ३१ मार्च म्हणजे १२३१. दोन्ही वर्षांतली F ची किंमत २२० किंवा त्याहून कमी असलेलीच बिलं मोजली की तुलना सारख्या मुदतीची होते. वर्षाचा कितवा दिवस हे मोजूनही असंच करता येतं, पण २९ फेब्रुवारीपाशी ते घसरतं. १ मार्च हा एरवी आर्थिक वर्षाचा ३३५ वा दिवस असतो, २०२४ साली तो ३३६ वा होता. महिना आणि दिवसाच्या जोडीला ही अडचण नाही. लीप वर्षातला जास्तीचा दिवस ११२९ या किमतीवर आपला वेगळा बसतो.

इथवर आलेलं टेबल हिशेबाच्या दृष्टीने बरोबर आहे. तरीही महाराष्ट्रातल्या बऱ्याच धंद्यांना ते फसवतं, आणि त्याचं कारण गुढीपाडवा.

पाडव्याच्या अलीकडच्या तारखा पाहा. २०२२ मध्ये २ एप्रिल, २०२३ मध्ये २२ मार्च, २०२४ मध्ये ९ एप्रिल, २०२५ मध्ये ३० मार्च आणि २०२६ मध्ये १९ मार्च. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने पाडवा दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. अधिक महिना आला की पुढच्या वर्षी अठरा-एकोणीस दिवस पलीकडे जातो. या ये-जा करण्याच्या पट्ट्यात नेमकी १ एप्रिलची रेघ येते. त्यामुळे २०२३-२४ या संपूर्ण आर्थिक वर्षात एकही पाडवा नव्हता, आणि २०२४-२५ मध्ये दोन होते. (कापडाच्या दुकानांसाठी त्याच वर्षात रमजान ईदही दोनदा आली, ११ एप्रिल २०२४ ला आणि ३१ मार्च २०२५ ला.) दसरा-दिवाळीचं असं होत नाही. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे नेहमी तिसऱ्याच तिमाहीत येते. महिन्यांची तुलना ती बिघडवते, तिमाहीची नाही. साडेतीन मुहूर्तांपैकी पाडवाच काय तो वर्षाची हद्द ओलांडतो.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. सातारा जिल्ह्यात दुचाकींचं एक शोरूम आहे आणि आपण विकलेल्या गाड्या मोजतो आहोत. २०२३-२४ च्या चार तिमाह्यांत अनुक्रमे २८०, २३०, ४५० आणि २५० गाड्या गेल्या, एकूण १,२१०. पुढच्या वर्षी ३४५, २३५, ४६० आणि ३२०, एकूण १,३६०. त्याच्या पुढच्या, २०२५-२६ या वर्षी २९०, २४०, ४९० आणि ३३०, एकूण १,३५०.

मालक हे कसं वाचेल? २०२४-२५ मध्ये १२ टक्क्यांहून अधिक वाढ, त्यातही चौथी तिमाही तब्बल २८ टक्के वर. तो खूश होऊन माणसं वाढवतो, जास्तीचा माल उचलतो. मग २०२५-२६ ची पहिली तिमाही १६ टक्क्यांनी खाली येते, वर्षही किंचित घटीत संपतं, आणि तो सेल्समनला जाब विचारतो.

आता तारखांच्या टेबलात आणखी एक कॉलम करू. G ला नाव Padwa. पाडव्याचा दिवस आणि त्याआधीचे सात, अशा आठ दिवसांपुढे १ लिहायचा, बाकी सगळीकडे ०. हा कॉलम फॉर्म्युल्याने येत नाही. पंचांगात पाहून हातानेच भरायचा. आठ दिवस अशासाठी की गाडी पाडव्याला घरी न्यायची असली तरी नोंदणीची कामं आधी उरकावी लागतात, म्हणून बिल बहुधा आधल्या आठवड्यातलं असतं. २०२२ चा पाडवा २ एप्रिलला होता, पण त्याच्या आठ दिवसांतले सहा मार्चमध्ये, म्हणजे आदल्या आर्थिक वर्षात पडले. नुसत्या पाडव्याच्या दिवशी खूण केली असती तर ती बिलं निसटली असती. आपल्या धंद्यात सणाची खरेदी किती दिवस आधी सुरू होते, हे ज्याचं त्याने जुन्या बिलांवरून ठरवावं.

बिलांसमोर हा कॉलमही आणून मोजलं तर २०२४ च्या पाडव्याच्या आठ दिवसांत ८५ गाड्या गेलेल्या दिसतात. २०२५ च्या पाडव्याला ९० आणि २०२६ च्या पाडव्याला ९४. या सगळ्याच पाडव्यामुळे गेल्या असं नाही. एरवी दिवसाला तीनच्या आसपास गाड्या जातात, म्हणजे आठ दिवसांत साधारण २५ तशाही गेल्याच असत्या. त्या वजा केल्या की पाडव्याची जादा विक्री उरते: ६०, ६५ आणि ६९.

ती बाजूला काढून पुन्हा बेरीज करू. २०२३-२४ मध्ये पाडवा नव्हताच, १,२१० तसेच राहतात. २०२४-२५ मधून दोन्ही पाडव्यांचे १२५ काढले की १,२३५ उरतात, म्हणजे वाढ २ टक्के. २०२५-२६ मधून ६९ काढले की १,२८१, म्हणजे वाढ ३.७ टक्के. जे वर्ष घटीचं वाटत होतं ते आधीच्यापेक्षा चांगलं गेलं आहे. पहिल्या तिमाहीतली १६ टक्क्यांची पडझडही उरत नाही. ३४५ मधून ६० गेले की २८५, आणि त्यांच्यासमोर यंदाचे २९०. सेल्समनने काहीच बिघडवलेलं नव्हतं.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. पाडव्याला घेतलेली गाडी पाडवा नसता तर मेमध्ये घेतली गेली असती का, हे टेबल सांगू शकत नाही. काही खरेदी सण निर्माण करतो, काही फक्त पुढे-मागे ढकलतो. ‘एरवीच्या २५’ हाही अंदाज आहे, आणि पाडव्याच्या आधी लोक थांबून राहतात हे लक्षात घेता तो आदल्या आठवड्यांवरून काढू नये. लग्नसराई आणि सण नसलेल्या काळातून काढावा. शिवाय एकाच तारखेला दोन कारणं एकत्र येतात. २२ सप्टेंबर २०२५ ला घटस्थापना होती, आणि त्याच दिवसापासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. घटस्थापना २०२४ मध्ये ३ ऑक्टोबरला, तिसऱ्या तिमाहीत होती. २०२५ मध्ये ती दुसऱ्या तिमाहीत आली. दर कमी होणार म्हणून थांबलेली गिऱ्हाइकं सप्टेंबरअखेर आली की ऑक्टोबरात, त्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीचे आकडे हलतात. उदाहरणातल्या ४९० मध्ये कराचा वाटा किती आणि नवरात्राचा किती, हे वेगळं करायला निदान आणखी एका वर्षाची बिलं लागतील. अशा तारखांसाठी टेबलात एक शेऱ्याचा कॉलम ठेवावा आणि त्यात कारण लिहून ठेवावं. दोन वर्षांनी ते कुणालाच आठवत नाही.

ज्यांना पुढच्या वर्षांची उद्दिष्टं ठरवायची आहेत त्यांनी टेबल पुढेही वाढवावं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे त्यानंतरचा पाडवा ७ एप्रिल २०२७ ला जातो. म्हणजे २०२६-२७ या आर्थिक वर्षात पुन्हा एकही पाडवा नाही, त्याच्या आठ दिवसांतला फक्त ३१ मार्च हा एक दिवस त्या वर्षात पडतो. त्याच्या पुढचा पाडवा २७ मार्च २०२८ ला येतो, त्यामुळे २०२७-२८ मध्ये पुन्हा दोन होतील. त्या शोरूमने २०२६-२७ साठी १,३५० वर पाच टक्के चढवून उद्दिष्ट लिहिलं, तर जो पाडवा त्या वर्षात येणारच नाही त्याच्या ६९ गाड्या ते आधीच मोजून बसलेलं असेल. सुरुवात १,२८१ पासून करायला हवी. तीच पाच टक्के वाढ धरली तर आकडा १,३४५ च्या आसपास येतो, म्हणजे कागदावर मागच्या वर्षीपेक्षा थोडा कमीच दिसतो. बँकेला किंवा कंपनीच्या विभागीय अधिकाऱ्याला तो दाखवताना G कॉलम उघडा ठेवून दाखवावा.